साठीनंतरची अक्षरओळख : अक्का धडा घडाघडा म्हणतात, पण शब्द वाचता येत नाही

डिंभेकाठ

नमस्कार. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या आमच्या गावात समाजमंदिरात मी दुपारी दोन ते चार वर्ग घेते. येणाऱ्या सगळ्या बायका साठीच्या पुढच्या आहेत आणि शाळेत एकही गेलेली नाही. वेळ त्यांनीच ठरवली. सकाळचं रानातलं काम आणि संध्याकाळची धार यांच्या मधे तेवढाच वेळ त्यांच्या हाती असतो. मी अंगणवाडीत काम करते, त्यामुळे लहान मुलांना शिकवायची सवय आहे. शाळेतून पहिलीची जुनी पुस्तकं मिळाली, त्यांवरूनच शिकवणं चाललंय.

एका आजींबद्दल विचारायचं आहे. इथे त्यांना अक्का म्हणू. वय सत्तरीच्या आसपास, हुशार, जात्यावरच्या ओव्या त्यांना किती येतात याला हिशेब नाही. पहिल्या धड्यात चार वाक्यं आहेत: आई घरी आली, आईने पाणी आणले, अशी. अक्का प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून चारही वाक्यं न अडखळता वाचतात. परवा मी मधल्याच ‘पाणी’ शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय? त्या थांबल्या. ओठ हलायला लागले. पहिल्या वाक्यापासून मनात म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत आल्या आणि मग म्हणाल्या, ‘पानी’. तोच शब्द फळ्यावर एकटा लिहिला तर ओळखता येईना.

पहिलीतली पोरंही धडे पाठ करतात, पण काही महिन्यांत वाचायलाही लागतात. इथे ते का होत नाही? आणि आता पुढे कसं जाऊ?

पाटीवाले गुरुजी

ताई, तुमची तळमळ पोहोचली. मी बरीच वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला, म्हणून स्पष्ट सांगतो. अक्षरं पक्की नसली की माणूस पाठांतराच्या आधाराने चालतो. अक्कांचं तेच झालंय. पुस्तक बाजूला ठेवा. स्वर घ्या, मग क ते ज्ञ, मग बाराखडी. रोज एक ओळ दहा वेळा लिहून घ्यायची, दुसऱ्या दिवशी त्याचंच श्रुतलेखन. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, एकदा बाराखडी बसली की जगातला कुठलाही मराठी शब्द वाचता येतो. आणि ‘पानी’ म्हणाल्या तर तिथल्या तिथे ‘पाणी’ म्हणवून घ्या. उच्चार अशुद्ध राहिला की लेखन अशुद्ध होतं.

इशाची आई

आमची मुलगीसुद्धा असंच करते! तिसरीत आहे, धडा पाठ असतो पण नवीन उतारा दिला की अडते. ब आणि व मधे गोंधळ होतो, कधी कधी अक्षरं उलटी काढते. तिला कोणत्या तज्ज्ञाकडे न्यावं?

साक्षरवाट

इशाच्या आई, तुमच्या मुलीचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे येईन. शाळेतल्या मुलाची अशी अडचण तपासायच्या पद्धती निराळ्या असतात आणि त्यात उशीर करू नये. इथे प्रौढांचंच बोलू.

डिंभेकाठ ताई, नव्वदच्या दशकात साक्षरता अभियान जिल्ह्याजिल्ह्यात चाललं होतं तेव्हा मी त्यात होते, आणि आता गावोगावच्या स्वयंसेवकांना शिकवते. तुम्ही सांगितलेले हलणारे ओठ मी पुष्कळ वर्गांत पाहिलेत.

गुरुजींनी दुखणं बरोबर ओळखलं आहे, अक्का अक्षरं फोडत नाहीत. औषध मात्र या वयाला चालणार नाही. लहान मूल अक्षर जोडून शब्द काढतं आणि पुष्कळदा त्याला त्याचा अर्थ माहीत नसतो. अक्कांचं नेमकं उलटं आहे. अर्थ, शब्द, पुढचं वाक्य कसं येणार, सगळं त्यांच्याकडे आधीच आहे. साठ वर्षं त्यांनी जे जपलं ते ऐकून आणि म्हणून. चार वाक्यं पाठ करायला त्यांना एक दुपारही लागत नाही. ज्याला ऐकून सगळं धरता येतं त्याला अक्षराकडे बघायची गरजच पडत नाही. म्हणजे त्यांची जी ताकद आहे तीच तुम्हाला फसवते, आणि त्यांनाही. त्यांना मनापासून वाटतं की आपण वाचतोय.

मग क ख ग घ ङ का नको? कारण या ओळीतल्या पाच अक्षरांतून आठवडाभर एकही कामाचा शब्द होत नाही. मूल वाट बघतं, त्याला शाळेत यावंच लागतं. साठीची बाई घरचं काम मागे टाकून आलेली असते, आठवड्यात काही हाती लागलं नाही तर ती यायची थांबते आणि का ते सांगतही नाही. शिवाय अर्थ नसलेला क्रम या वयात टिकत नाही. ज्याला अडकवायला काही आहे तेच डोक्यात राहतं.

आम्ही ‘काम’ या शब्दापासून सुरू करायचो. क, काना, म. दुसऱ्या दिवशी फक्त न वाढवायचा. आता मोजा: काम, मका, नाक, कान, मान, मन, नका, काका, मामा, नाना, कमान. तीन अक्षरं आणि एक काना. हे सगळे त्यांच्या तोंडातले शब्द. मग र आला की राम, कर, नकार, रान. प्रत्येक अक्षर चार बोटं उंचीच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहायचं आणि तुकडे त्यांच्या हातात द्यायचे. त्यांनी ते जमिनीवर सरकवून शब्द जुळवायचे. पाटीवर लिहिणं त्यानंतर.

आता अक्का खरंच वाचतात का, हे तपासायचा खात्रीचा मार्ग सांगते. शिकलेल्याच अक्षरांतून असा शब्द करा जो वर्गात कधी आलाच नाही. ‘कमान’ राखून ठेवा, कुठेच वापरू नका. पंधरा दिवसांनी तो एकटा समोर ठेवा. त्यांनी सावकाश क, मा, न असं जोडत काढला, मग चेहरा उजळून ‘कमान!’ म्हणाल्या, तर वाचन सुरू झालं. क बघून ‘काम’ म्हणाल्या तर अजून अंदाज चालू आहे. धड्याचं मी चाचणीसाठी काहीच धरत नाही.

वाचनवेडा

ब्राझीलच्या पाउलो फ्रेरेंनी 1963 मध्ये आंजिकोस गावात साधारण तीनशे मजुरांना चाळीस तासांत लिहावाचायला शिकवलं. त्यांच्याच जगण्यातले शब्द घ्यायचे, त्यावर चर्चा करायची, मग तो शब्द फोडायचा. तुम्ही सांगताय ते तेच. मग दोन तासांचा वर्ग म्हटला तर एका महिन्यात हे व्हायला हवं.

साक्षरवाट

शब्द निवडण्याची दृष्टी त्यांच्याकडून सगळ्या जगाने घेतली, आम्हीही घेतली. चाळीस तासांचा आकडा मात्र अक्कांना लावू नका. ते मजूर कामाच्या वयातले होते. आपल्याकडच्या अभियानात तीन प्रवेशिका, म्हणजे शिकायची पुस्तकं, होत्या आणि एकूण सुमारे दोनशे तास धरलेले असायचे, तेही 15 ते 35 हा मुख्य वयोगट डोळ्यांसमोर ठेवून. साठीच्या पुढे त्याहून जास्त वेळ लागतो हे आधीच मान्य करायचं. नाहीतर महिन्याच्या शेवटी शिकवणारी खचते आणि शिकणारीला वाटतं आपल्या डोक्यातच काही कमी आहे.

नेत्रसहायक कोल्हापूर

ग्रामीण भागातल्या नेत्रशिबिरांत काम करतो, त्यामुळे एक गोष्ट सुचवतो. अक्षर शिकवण्याआधी प्रत्येकीची जवळची नजर बघितली आहे का?

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठ होत जातं आणि जवळचं धूसर दिसतं. साठीला साधारण अडीच नंबरचा चष्मा लागतो. ज्या बाईने कधी वाचलंच नाही तिला हे कळत नाही, कारण लांबचं रान आणि माणसं तिला नीट दिसतात. सुईत दोरा नातीकडून ओवून घेते एवढंच. तिच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलंत तर घ आणि ध मधला फरक तिला दिसणारच नाही. घ ची शिरोरेषा सलग, ध ची तुटलेली. तेच भ आणि म चं. शिक्षकाला वाटतं आजी विसरतात. त्यांनी ते पाहिलेलंच नसतं.

साधी खूण: पुस्तक हळूहळू हात लांब करून दूर धरतात का? डोळे बारीक करतात का? फळ्यावरचं ओळखतात पण पाटीवरचं नाही असं होतं का? तसं असेल तर आधी चष्मा. पण दुकानातून आणलेला तयार चष्मा घालूनही धुरकट दिसत असेल, किंवा दाराकडे तोंड केलं की डोळे दिपत असतील, तर मोतीबिंदू असू शकतो, तपासणी करून घ्या. बसवताना उजेड त्यांच्या पाठीमागून किंवा बाजूने यावा, समोरच्या दारातून नाही.

कानाचंही तसंच. या वयात बारीक पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, थ, फ यांत गोंधळ होतो. श्रुतलेखनात ‘थ’ ला ‘त’ लिहिलं तर ती चूक कानाची आहे की अक्षराची, हे तुमचं तोंड त्यांना दिसेल असं समोर बसून पुन्हा बोलून बघा.

डिंभेकाठ

दादा, हे फार मोलाचं सांगितलंत. आमचं समाजमंदिर पूर्वेकडे उघडतं, पण समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून दुपारी लख्ख उजेड आत येतो आणि सगळ्या दाराकडे तोंड करूनच बसतात, येणारीजाणारी दिसावी म्हणून. अक्का डोळ्यांवर हात धरून फळ्याकडे बघतात. आता बसायची दिशा बदलते आणि पुढच्या शिबिराची तारीख काढते.

डोंबिवलीकर

माझ्या आईचं सांगतो. वय 71, गावाकडून आमच्याकडे राहायला आली. तिला गोष्टीची पुस्तकं नको होती. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या, नातवाला स्वतः फोन लावता यावा आणि बँकेच्या पासबुकात किती शिल्लक आहे ते कुणाला न विचारता कळावं. म्हणून मी अक्षरं सोडून आकडे घेतले. शंभरपर्यंत पटकन आले. पुढे विचित्र झालं. तोंडी हिशेब तिचा माझ्यापेक्षा पक्का. सात अंडी आठ रुपयांनी, छप्पन्न, क्षणात. पण ‘चारशे आठ’ लिही म्हटलं की 4008 लिहिते. ‘एकोणतीस’ लिहिताना हात थबकतो. आणि आणखी एक: फोनवर इंग्रजी आकडे, घरच्या कॅलेंडरवर मराठी. दोन्ही शिकवावेत का?

साक्षरवाट

तुमच्या आईंनी चारशे ऐकलं तसं 400 लिहिलं आणि पुढे आठ मांडला. त्यांच्या कानाला ते अगदी बरोबर आहे. तोंडी हिशेबात स्थान लागतच नाही, शेकडा आणि सुटे असं डोक्यात वेगळं असतं. दशक, शतक असे शब्द काढू नका. वहीवर तीन उभ्या पट्ट्या आखा. डावीकडच्या पट्टीत शंभराच्या नोटा, मधल्या पट्टीत दहाच्या, उजवीकडे रुपयाची नाणी. चारशे आठ खऱ्या पैशांत मांडायला सांगा. चार नोटा, मधली पट्टी रिकामी, आठ नाणी. मग प्रत्येक पट्टीखाली किती आहेत ते लिहायचं. रिकाम्या पट्टीखाली काय लिहायचं, हा प्रश्न त्या स्वतः विचारतील. शून्याची जागा तिथे कळते. पैसे काढून नुसत्या पट्ट्या, आणि मग पट्ट्याही काढायच्या.

एकोणतीस अवघडच आहे, कारण नावात तीस आहे आणि लिहायचा असतो दोन. पंचवीस म्हणताना पाच आधी आणि लिहिताना दोन आधी. यावर घाई करू नये. कॅलेंडरच्या पानावर महिन्याच्या तारखा रोज बोट ठेवून म्हणणं सगळ्यात चांगलं, तिथे एकोणतीस हा अठ्ठावीसच्या शेजारी आपोआप दिसतो.

दोन्ही आकड्यांचं म्हणाल तर आधी त्यांना ज्याची गरज आहे ते. फोन हवा आहे, मग 1 2 3. मराठी आकडे सावकाश येतील. दोन्ही एकाच आठवड्यात आणले तर मराठी ४ आणि इंग्रजी 8, मराठी ७ आणि इंग्रजी 6 यांत घोळ होतो, ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता आधीच सावध करते.

पाटीवाले गुरुजी

साक्षरवाट ताई, तुकड्यांची कल्पना मला पटली, पहिलीतही वापरता येईल. पण दोन ठिकाणी मी ठाम आहे. बाराखडीशिवाय वेलांटी, उकार, मात्रा कधी पक्क्या होत नाहीत. तुमच्या पद्धतीने ‘काम’ आणि ‘मका’ येईल, ‘विहीर’ येईल का? आणि लेखन दहा वेळा केल्याशिवाय हात वळत नाही. शुद्ध उच्चाराचंही तेच.

साक्षरवाट

‘विहीर’ हे उदाहरण तुम्ही अचूक काढलंत, गुरुजी. पहिली वेलांटी हीच सगळ्यात जास्त माणसं अडवणारी जागा आहे. बोलताना व आधी येतो, मग इ. लिहिताना वेलांटी व च्या डावीकडे. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकती शिकलेली बाई आधी तो दांडा बघते आणि विचारते, हा काय? म्हणून दुसरी वेलांटी आधी घ्यावी: मी, नाही, पाणी, कामी. ती अक्षराच्या मागून येते. ती बसली की मग ‘वि’ हा आख्खा तुकडा म्हणून द्यायचा, फोडून नाही. बाराखडी मीही घेते, फक्त ओळखीच्या अक्षराची आणि शब्द वाचता यायला लागल्यावर. का, की, के, को एकत्र बघितल्यावर ‘अस्सं होय’ म्हणतात, तेव्हा तिचा उपयोग होतो. पहिल्या दिवशी तीच बाराखडी त्यांच्यासाठी आणखी एक पाठांतर होऊन बसते. त्यात त्या आपल्याला हरवतील आणि वाचन तिथेच राहील.

दहा वेळा लिहिण्याला माझा विरोध आहे. त्या हातांची बोटं संधिवाताने आणि कामाने ताठरलेली असतात. पेन्सिल मुठीत धरतात, जोर इतका देतात की टोक तुटतं, दोन ओळींत मनगट भरून येतं. जाड खडू आणि पाटी द्या, अक्षरं मोठी काढू द्या, तीन चांगली अक्षरं झाली की पुरे.

उच्चाराबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडेन. अक्का जन्मभर ‘पानी’ म्हणत आल्या. त्यांच्या घरात सगळे तसंच म्हणतात. तिथे थांबवून सुधारलं की त्यांना कळतं की आपली बोलीच चुकीची आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्या तोंडच उघडत नाहीत. मी एवढंच सांगते की आपण ‘पानी’ म्हणतो, पुस्तकात ‘पाणी’ लिहितात, ण असा दिसतो. म्हणा तुम्ही कसंही.

पाटीवाले गुरुजी

यावर आपलं एकमत होणार नाही. ‘पानी’ असंच म्हणत राहिल्या तर लिहितानाही न च लिहितील, आणि त्याची सवय मोडत नाही. हा माझा वर्गातला अनुभव आहे.

साक्षरवाट

लिहितील, काही काळ. मला ते चालतं. ‘पानी’ लिहिलेली चिठ्ठी घरातल्या कुणालाही कळते. तुमच्या पोरांना पुढे दहावीपर्यंत लिहायचं असतं, तिथे तुमचं बरोबर आहे.

रानफूल

मी मुरबाडच्या जवळची. फांगणे गावात 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिचं नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. साठ ते नव्वदीच्या आज्या, गुलाबी साड्या, पाठीवर दप्तर. आमच्याकडे त्या बघून दुसऱ्या गावातल्या बायकांनीही शिकायचं मनावर घेतलं. त्यांना पोथी आणि अभंग वाचायचे असतात. मग पाठ असलेल्या अभंगावरूनच वाचन का सुरू करू नये? शब्द ओळखीचे, गोडी आधीच आहे.

शिवाय आमच्या वर्गातली एक अडचण सांगते, जिच्यावर कुणी बोलत नाही. सासू आणि सून दोघी येत होत्या. सून पस्तिशीतली, भराभर वाचायला लागली. सासूने यायचं बंद केलं.

साक्षरवाट

अभंगाची गोडी खरी आहे, पण अक्कांचं जे झालं तेच दहापट होईल, कारण तो तर पन्नास वर्षांपासून पाठ आहे. शिवाय त्यात जोडाक्षरं आणि जुनी रूपं असतात. मी तो असा वापरते: एकच ओळ मोठ्या अक्षरांत कागदावर लिहायची, कात्रीने शब्द कापायचे, सगळे एकत्र करून टाकायचे आणि ओळ पुन्हा जुळवायला सांगायची. आता चाल मदतीला येत नाही, प्रत्येक तुकड्याकडे बघावंच लागतं. पाठांतरातून पुढचा शब्द कोणता हे कळतं, पण तो शब्द कुठल्या तुकड्यावर आहे हे अक्षर बघूनच ठरवावं लागतं. अक्कांच्या ओव्यांचंही असंच करा, डिंभेकाठ ताई. त्यांचीच ओवी, त्यांच्या तोंडून घेऊन तुम्ही लिहायची आणि कापायची. पहिला तुकडा शोधायला त्यांना किती वेळ लागतो ते बघत राहा. तो वेळ कमी होत गेला की समजा डोळा कामाला लागला.

सासूसुनेचं तुम्ही मांडलंत ते बरं झालं. मुलांच्या वर्गात पुढे असलेल्याला आपण उभं करून वाचायला लावतो. इथे ते करूच नये, निदान एका घरातल्या दोघींसमोर तरी. दोघींना वेगळ्या वाराला बोलवा, नाहीतर वेगळ्या कोपऱ्यात वेगळं काम द्या. मोठ्याने वाचून घ्यायचं असेल तर मी प्रत्येकीजवळ जाऊन बसते आणि तिच्यापुरतंच ऐकते. फळ्यासमोर उभं करणं या वयात मला मान्य नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख

आता थोडं व्यवहाराचं बोलतो. उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, 2022 ते 27 या काळासाठी आहे. 15 वर्षांपुढची कुणीही निरक्षर व्यक्ती त्यात नोंदवता येते, वरची वयोमर्यादा नाही. परीक्षा 150 गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50. उत्तीर्ण व्हायला 33 टक्के. जिल्हा परिषदेच्या शाळेतच घेतात. ताईंनी शाळेच्या मुख्याध्यापकांकडे नावनोंदणी करावी आणि परीक्षेच्या धर्तीवरच सराव घ्यावा. प्रमाणपत्र मिळालं की बायकांना हुरूप येतो, आणि वर्गाला प्रवेशिका मिळते.

साक्षरवाट

नोंदणी जरूर करावी. सराव परीक्षेच्या धर्तीवर घ्यायला मी तयार नाही. पेपर आणि प्रवेशिका एका साच्यातल्या असल्या की अक्कांसारखी बाई तो साचाच पाठ करते. ती उत्तीर्ण होईल, आणि एसटीची पाटी तिला वाचता येणार नाही. नव्वदच्या दशकात आम्ही हेच पाहिलं. जिल्हे पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाले आणि काही वर्षांनी त्याच गावांत पुन्हा अंगठे उठत होते, कारण नंतर वाचायला काही हातात नव्हतं.

निवृत्त केंद्रप्रमुख

परीक्षेची तारीख नसेल तर वर्ग मार्चपर्यंतही टिकत नाहीत, हेही मी पाहिलंय. तारीख असली की शिकवणारे आणि शिकणारे दोघेही येतात. तुमच्या पद्धतीला माझी हरकत नाही, पण मुदतीशिवाय ती कागदावर राहते.

रानफूल

आमच्या वर्गातल्या एक आजी परीक्षेला बसल्या, वर्गात सगळं यायचं, तिथे हात थरथरला आणि नावसुद्धा लिहिता आलं नाही. बाहेर आल्यावर कुणाशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या एकीने प्रमाणपत्र देव्हाऱ्याशेजारी लावलंय. मला अजूनही ठरवता येत नाही.

डिंभेकाठ

सगळ्यांचे आभार. कालपासून पुठ्ठ्याचे तुकडे सुरू केले, क, म, न आणि काना. दिशा बदलून बसवलं. अक्कांना नेत्रशिबिराआधीच मुलाने तयार चष्मा आणून दिला, त्यात बरंच दिसतं म्हणतात, पण तपासणी करणारच आहे. ‘नाक’ आणि ‘कान’ हे दोन शब्द शेजारी ठेवले, तेव्हा त्यांनी दोन्हींवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘हे तर उलटंसुलटं केलंय.’ ‘कमान’ राखून ठेवली आहे.

आता अडचण अशी की लावणी तोंडावर आली. महिनाभर कुणीच येणार नाही, आणि आलेलं सगळं जाईल याची भीती वाटते. त्या काळात काय करावं?

साक्षरवाट

वर्ग बंदच ठेवा, लावणीत ओढून आणू नका. जाण्याआधी प्रत्येकीला तिच्या घरातलीच पाच नावं, शिकलेल्या अक्षरांतून होणारी, जाड कागदावर लिहून द्या आणि चुलीजवळ किंवा दाराच्या चौकटीला लावायला सांगा. नातवंडाला सांगून ठेवा की रोज कागद उलटसुलट क्रमाने दाखवून विचारायचं. लावणीनंतर पहिला आठवडा नवीन एकही अक्षर घेऊ नका. काही जणी ‘काम’ सुद्धा विसरलेल्या असतील, ते त्यांना लाजवायला पुरतं, म्हणून पहिल्या दिवशी कुणालाही एकटीला विचारू नका, सगळ्यांनी मिळून तुकडे जुळवायचे. दोन-तीन दिवसांत बहुतेक परत येतं. ज्यांचं येत नाही त्यांच्यासाठी कान आणि डोळे पुन्हा बघा.

नेत्रसहायक कोल्हापूर

आणि अक्कांचा तयार चष्मा दोन्ही डोळ्यांना एकाच नंबरचा असेल. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, पुठ्ठ्यावरचं अक्षर दिसतं का ते तोवर घरीच बघून घ्या. एका डोळ्याने बरंच कमी दिसत असेल तर शिबिराची वाट बघू नका, तालुक्याच्या दवाखान्यात आधी दाखवा.